पहिल्या परिपाठात बोला मुलांशी, बाकीचे ऐकतीलच

वाचकाचं पत्र

मी येत्या सोमवारी एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होते आहे. पहिली ते दहावी, वीस तुकड्या. शाळा सुरू होण्याचाच तो दिवस, त्यामुळे परिपाठाला मुलं, शिक्षक आणि सोडायला आलेले पालक असे सगळेच मैदानावर असतील. मी चार पानी भाषण लिहिलं आहे. सुरुवात अशी: 'आदरणीय व्यासपीठ, माझे सहकारी शिक्षकवृंद, शिक्षकेतर कर्मचारी, सुजाण पालक आणि माझ्या लाडक्या विद्यार्थी मित्रांनो, बावीस वर्षांच्या प्रदीर्घ अनुभवाच्या जोरावर मी या शाळेला एका नव्या उंचीवर घेऊन जाईन. मात्र बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही.' माझ्या आधीचे सर इथे फार लोकप्रिय होते, त्याचं दडपण आहे. तिघांनाही आपलंसं वाटेल असं एकाच भाषणात कसं बोलू?

उत्तर

बाई, तिघांसाठी तीन परिच्छेद लिहायचा विचार आधी सोडून द्या. तुम्ही शिक्षकांशी बोलायला लागलात की मुलं चुळबुळ करणार, पालकांकडे वळलात की शिक्षक घड्याळ बघणार. मैदानावर मुलं सगळ्यांत जास्त आणि तीच सगळ्यांत लवकर कंटाळतात, म्हणून सबंध भाषण मुलांशीच करा. पहिलीतल्या मुलाला कळेल असं बोला. मोठी माणसं बाजूला उभी राहून ऐकतच असतात, आणि नवी मुख्याध्यापिका मुलांशी कशी बोलते यावरून ती तुम्हाला जेवढं ओळखतील, तेवढं तुम्ही त्यांना उद्देशून काहीही म्हणालात तरी ओळखणार नाहीत.

आता वेळेचं बघू. हाताने लिहिलेली चार पानं म्हणजे साधारण साडेसातशे शब्द. खोलीत आपण ते भराभर वाचून टाकतो. मैदानावर ध्वनिक्षेपकावरून बोलताना मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे गेलं की मागच्यांना नुसती गुणगुण ऐकू येते. त्याचं कारण सोपं आहे. मैदानाच्या टोकाला पन्नास मीटरवर इमारतीची भिंत असेल, तर आवाज तिथे आपटून परत यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो आणि तुमचाच मागचा शब्द पुढच्या शब्दावर येऊन पडतो. म्हणून वाक्यं लहान हवीत आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायला हवं. त्या चालीने तुमची चार पानं आठ-नऊ मिनिटं खातील. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या हे सगळं उभ्याने झाल्यावर पहिलीतली मुलं एवढा वेळ तग धरत नाहीत. भाषण चार मिनिटांच्या आत संपवा.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? मुलांकडे बघू नका, वर्गशिक्षकांकडे बघा. ओळींच्या बाजूला उभे असलेले शिक्षक बोट ओठावर नेऊन मुलांना गप्प करायला लागले, की तुमचं भाषण संपायला हवं होतं असं समजा आणि शेवटच्या वाक्यावर या.

तुमच्या मसुद्यात तीन ठिकाणी मी पेन्सिल फिरवली आहे. पहिलं म्हणजे ते लांबलचक संबोधन. त्यात वेळ जातो आणि तोवर तुमचं नाव मात्र कोणालाच कळलेलं नसतं. 'नमस्कार' म्हणा आणि नाव सांगा. दुसरं, बावीस वर्षांचा प्रदीर्घ अनुभव. मला स्वतःला हे शब्द कानावर पडले की मनगटाकडे बघावंसं वाटतं. शिक्षकांनी तुमची सगळी माहिती केव्हाच काढलेली आहे, मुलांना पदव्या कळत नाहीत, आणि पालकांसाठी ती सूचनाफलकावर लावता येते. भाषणात एकच गोष्ट सांगा, ती म्हणजे तुम्ही कोणता विषय शिकवता आणि इथेही शिकवणार आहात का. शिकवणारी मुख्याध्यापिका म्हटल्यावर शिक्षकदालनातली हवा वेगळी होते.

तिसरी दुरुस्ती महत्त्वाची. 'नव्या उंचीवर घेऊन जाईन' हे वाक्य तुम्ही उत्साहाने लिहिलं असेल, पण तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना ते 'आजवर तुम्ही काही केलं नाहीत' असं ऐकू जातं, तेही पालकांच्या देखत. लोकप्रिय सरांच्या जागेवर येणाऱ्या व्यक्तीने तर हे टाळायलाच हवं. 'बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही' याचीही तीच गत. पहिलीतलं मूल आईचा पदर घट्ट धरतं आणि दहावीतली मागची ओळ ठरवते की बघू या, कुठवर खपतं ते. पहिल्या दिवशी दिलेली धमकी खरी करून दाखवायला तुम्हाला कोणाला तरी शिक्षा करावी लागते, नाहीतर शब्द वाया जातो. दोन्ही नको.

सरांचं काय करायचं? त्यांचं नाव नक्की घ्या, पण एकदाच. मैदानावर प्रत्येक जण त्या क्षणाची वाट बघत असतो आणि नाव आलंच नाही तर ती गोष्ट दिवसभर चघळली जाते. मात्र 'त्यांची उणीव भरून काढण्याचा नम्र प्रयत्न' वगैरे म्हणू नका, कारण त्याने तुलना तुम्हीच सुरू करून देता. त्याऐवजी त्यांनी सुरू केलेली एखादी ठोस गोष्ट शोधा आणि ती चालू राहणार आहे एवढंच सांगा. ती कोणती, हे शिक्षकांना विचारा. उत्तर बहुधा पारितोषिकांबद्दल नसतं. शनिवारचा वाचनाचा तास, पहिलीच्या मुलांना पाच मिनिटं आधी सोडणं, असं काहीतरी असतं. जे खरंच चालू ठेवणार आहात तेच निवडा, कारण हे वाक्य मुलं विसरत नाहीत.

यासाठी शिक्षकांना आधी भेटायला हवं, आणि हे भाषणापेक्षाही जास्त गरजेचं आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर परिपाठाच्या आधी वीस मिनिटं शिक्षकदालनात. सेवकांनाही त्याच वेळी तिथे बोलवा. परिपाठात जे सांगणार आहात ते सगळं त्यांना आधी सांगा. शिक्षकांना मुलांसमोर आणि पालकांसमोर पहिल्यांदा काही कळलं, तर ती बातमी चांगली असली तरी त्यांना खुपते. समजा तुम्ही माइकवरून म्हणालात, 'मी रोज वर्गांत येणार आहे.' मुलं टाळ्या वाजवतील आणि शिक्षक मनात म्हणतील, आली तपासणी. तेच तुम्ही आधी सांगितलंत, कोणत्या दिवशी कोणता वर्ग हे शिक्षकदालनाच्या फळ्यावर लिहिलंत आणि वही-पेन न घेता येईन असं स्पष्ट केलंत, तर त्याच वाक्याला तेही मान डोलावतात.

आता गाभ्याचं. सोमवारी संध्याकाळी प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जाईल: 'नव्या बाई काय म्हणाल्या?' त्याला सातवीतलं मूल जे एक वाक्य सांगेल, तेवढंच तुमचं भाषण त्या घरात पोहोचलं. ते वाक्य कोणतं हे मुलावर सोडू नका, तुम्ही ठरवा. ते असं हवं की दुसऱ्याच दिवशी मुलाला खरं-खोटं करून बघता येईल. 'बाई प्रेमळ आहेत' हे तपासता येत नाही. 'मधल्या सुट्टीत बाईंचं दार उघडं असतं' हे येतं, आणि दोन धीट मुलं मंगळवारी येऊन ते तपासतातच. म्हणून आठवडाभर मधल्या सुट्टीत बैठक, फोन, संस्थेचे पाहुणे, काहीही ठेवू नका. जे पाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे तेच बोला. शुल्क, गणवेश, शिक्षकांच्या जागा, नवी इमारत हे विषय पहिल्या दिवशी माइकवर नकोत. त्यातलं बहुतेक तुमच्या एकटीच्या हातात नसतं.

उघड्या दारात एक मेख आहे. मुलं थेट तुमच्याकडे यायला लागली की वर्गशिक्षकांना आपल्याला ओलांडल्यासारखं वाटतं. उलट 'आधी वर्गशिक्षकांकडे जा' एवढंच म्हणालात, तर ज्या मुलाची तक्रार त्या शिक्षकांबद्दलच आहे त्याला वाट उरत नाही. म्हणून दोन्ही वाक्यं लागोपाठ आणि याच क्रमाने हवीत: अडलं तर वर्गशिक्षकांना सांगा, त्यांना सांगता येणार नाही असं काही असेल तर माझ्याकडे या. पहिल्या वाक्यात शिक्षकांचा मान राहतो आणि दुसरं वाक्य गरज असलेलं मूल बरोबर उचलतं. मागे उभे असलेले पालकही. यापुढे जाऊन कारणं सांगत बसू नका. सगळ्यांसमोर ते खोलात गेलं की मुलं बिचकतात.

हे सगळं धरून तुमच्यासाठी मी एक मसुदा करून दिला आहे. कंसातल्या गोष्टी करायच्या, वाचायच्या नाहीत.

> नमस्कार. आधी सगळे खाली बसू या. (पूर्ण बसेपर्यंत थांबा.)
>
> माझं नाव … . (थांबा.) आजपासून मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे. तुम्ही मला बाई म्हणा.
>
> ज्यांचा आज या शाळेतला पहिला दिवस आहे, त्यांनी हात वर करा. (स्वतःचाही हात वर करा.) माझाही आज पहिलाच दिवस आहे. कोणता वर्ग कुठे आहे, ते मला अजून नीट माहीत नाही. मी चुकून भलत्याच वर्गात शिरले, तर मला रस्ता दाखवा.
>
> मी गणित शिकवते. इथेही शिकवणार आहे. आठवीला, आठवड्यातून दोन तास.
>
> तुमच्या आधीच्या सरांनी शनिवारी वाचनाचा तास सुरू केला. तो तास आहे तसाच चालू राहील.
>
> तुमच्या शिक्षकांना मी काल भेटले. ते तुम्हाला ओळखतात. मी अजून ओळखत नाही. म्हणून शाळेत काही अडलं, तर आधी वर्गशिक्षकांना सांगा. त्यांना सांगता येणार नाही असं काही असेल, तर माझ्याकडे या. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीचं दार उघडं असतं. पहिलीतल्या मुलांनीसुद्धा यायचं.
>
> पुढचे दहा दिवस मी रोज दोन वर्गांत येणार आहे. तपासायला नाही. तुमची नावं ऐकायला. आज पहिली अ आणि दहावी ब.
>
> आज घरी विचारतील, नव्या बाई काय म्हणाल्या? तर सांगा, मधल्या सुट्टीत दार उघडं असतं. आणि घरच्यांना मला भेटायचं असेल, तर मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर एक तास. फाटकाजवळच्या फळ्यावर ते लिहिलं आहे.
>
> झालं माझं. आता आधी पहिलीची मुलं उठतील.

हे सावकाश म्हटलं आणि बसायला, हात वर करायला लागणारा वेळ धरला, तरी साडेतीन मिनिटांच्या आसपास होतं. घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात वाचलेल्या भाषणाची वेळ नेहमी फसवी असते.

दोन-तीन गोष्टी मी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. हात वर करायला लावणं हा मैदानावरचा एकमेव प्रश्न जो अंगाशी येत नाही, कारण त्याचं उत्तर आवाजाने द्यायचं नसतं. 'सुट्टी कशी गेली?' असं शेकडो मुलांना विचारलंत, तर पुढची दोन मिनिटं शांतता परत आणण्यात जातील. आणि नमस्काराला उत्तर हळू आलं म्हणून 'ऐकू नाही आलं, परत एकदा' हा प्रकार कृपा करून करू नका. मोठ्या मुलांना तो अजिबात आवडत नाही आणि त्या ओळी तुम्ही पहिल्याच मिनिटाला गमावता. 'आई-बाबांना सांगा' ऐवजी 'घरी' आणि 'घरचे' म्हटलं आहे, कारण काही मुलांच्या घरी आजी असते, मावशी असते, काही जण वसतिगृहात राहतात. वीस वर्ग, रोज दोन, म्हणजे दहा दिवस हा हिशोब जमणारा आहे. रोज चार म्हणालात तर तिसऱ्या दिवशी एखादी बैठक निघेल आणि शब्द मोडेल. सुरुवात पहिली आणि दहावीपासून केली आहे, कारण सगळ्यांत घाबरलेली आणि सगळ्यांत साशंक मुलं या दोन टोकांना असतात.

मुलांना खाली बसवणं ही नुसती आपुलकी नाही. बराच वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी पोहोचतं आणि न खाता आलेलं एखादं मूल भोवळ येऊन पडतं. नव्या बाईंच्या भाषणात मूल पडलं, तर दिवसभर चर्चा भाषणाची होत नाही. जमीन ओली असेल तर बसवू नका, भाषण मात्र आणखी छोटं करा आणि पहिली-दुसरीला आधी वर्गात पाठवा. उन्हाचं तोंड कोणाकडे आहे हेही आदल्या दिवशी बघून ठेवा. ऊन तुमच्या डोळ्यांवर आलं तर चालेल, मुलांच्या नको. डोळे किलकिले करून बघणाऱ्या मुलांना तुमचा चेहराच दिसत नाही.

माइक आधी तपासा, आणि तपासताना मैदानाच्या अगदी मागे कोणाला तरी उभं करा. तो तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर आणि थोडा बाजूला असला की 'भ', 'फ' फुटत नाहीत. कर्णे तुमच्या पाठीमागे असतील तर ते पुढे घ्यायला सांगा, नाहीतर त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून ती कानठळ्या बसवणारी शीळ येते. स्टँडची उंची आधीच तुमच्या मापाची करून ठेवा. आदले सर उंच असतील, तर सगळ्यांसमोर माइक खाली ओढण्यात काही मजा नाही. माइक बंद पडला तर ओरडू नका. पुढच्या मुलांना बसवा, नाव, उघडं दार आणि दहा दिवसांत वर्गात येणार, एवढं तीन वाक्यांत सांगा आणि थांबा.

कागद हातात ठेवला तरी चालतो, फक्त तो पोस्टकार्डाएवढा असू द्या. वाऱ्यात मोठा कागद फडफडतो आणि माइकवर तो आवाज फार मोठा होतो. नाव आणि दाराचं वाक्य मात्र कागदाकडे न बघता म्हणा. स्वतःचं नाव वाचून दाखवणारी बाई मुलांना विचित्र वाटते.

पालकांची बाजू भाषणात दोन वाक्यांत उरकली आहे, कारण ते बहुतेक फाटकाशी उभे असतात आणि त्यांना निम्मंच ऐकू येतं. त्यांचा खरा प्रश्न एकच असतो: काही झालं तर कोणाला भेटायचं आणि केव्हा? त्याचं उत्तर फळ्यावर लिहिलेलं हवं, सकाळी परिपाठाच्या आधी, मोठ्या अक्षरांत, तुमच्या नावासह. मुलं वर्गात गेल्यावर दहा मिनिटं फाटकाशी जाऊन उभ्या राहा. कोणी तिथेच तक्रार सुरू केली तर ऐकून घ्या, भेटीचा दिवस सांगा, पण उभ्या-उभ्या निकाल देऊ नका. तुम्ही अजून शिक्षकांची बाजू ऐकलेली नाही, आणि पहिल्याच दिवशी पालकांसमोर दिलेला निकाल दुपारपर्यंत शिक्षकदालनात पोहोचलेला असतो.

सोमवारी पाऊस आला आणि परिपाठ वर्गावर्गांत कर्ण्यावरून घ्यायची वेळ आली, तर हे भाषण तसंच्या तसं वाचू नका. हात वर करायचा भाग तिथे निरर्थक होतो, कारण मुलं तुम्हाला बघत नसतात. एका मिनिटात नाव, शनिवारचा तास, वर्गशिक्षकांचं आणि दाराचं वाक्य एवढं सांगा आणि त्या दिवशी दोनऐवजी सगळ्या वीस वर्गांच्या दारात दोन-दोन मिनिटं उभ्या राहून चेहरा दाखवून या. नावं ऐकायचा कार्यक्रम मंगळवारपासून ठरल्याप्रमाणे सुरू करा.